‘आणि’ला दोनदा शिफ्ट: इनस्क्रिप्टचा हात स्प्लिट कीबोर्डवर बसवताना

दोन हातांसाठी दोन भागांत विभागलेल्या स्प्लिट कीबोर्डबद्दल नेटवर जेवढं वाचायला मिळतं, ते जवळजवळ सगळं इंग्रजी टाइप करणाऱ्याला धरून लिहिलेलं असतं. अंगठ्याखाली काय ठेवायचं, याची उत्तरंही इंग्रजीच्या हिशोबाने ठरलेली: स्पेस, एंटर, आणि चिन्हांचे लेअर, म्हणजे एक बटण धरलं की बाकीच्या बटणांना मिळणारी दुसरी कामं. मराठी इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाच्या ठरलेल्या देवनागरी मांडणीत, दिवसभर काम करणाऱ्याला ती उत्तरं लागू पडत नाहीत. का पडत नाहीत, हे वहिनींच्या कीबोर्डवर मला नीट बघायला मिळालं, म्हणून ते प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

वहिनी घरून अनुवादाचं काम करतात. मजकूर मराठी, पत्रव्यवहार इंग्रजी, संगणक विंडोजचा. टायपिंग इनस्क्रिप्ट, तेही न बघता. तक्रार अशी होती की संध्याकाळपर्यंत डाव्या मनगटाची करंगळीकडची बाजू भरून यायची आणि करंगळी आखडायची. त्या टाइप करत असताना शेजारी बसून पाहिलं, तर कारण लपलेलं नव्हतं. सगळी शिफ्ट त्या डाव्या करंगळीनेच दाबत होत्या, आणि इनस्क्रिप्टमध्ये स्वर-मात्राही डाव्या हाताकडेच आहेत. म्हणजे ‘आ’ काढायला करंगळी खाली कोपऱ्यातल्या शिफ्टवर आणि त्याच हाताचं मधलं बोट वरच्या ओळीत. मनगट दर वेळी बाहेरच्या बाजूला वळत होतं.

इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला आणि नावांना लागते. इनस्क्रिप्टमध्ये ती वर्णमालेचाच भाग आहे. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सगळे शिफ्टवर. ण, ळ, श, ष शिफ्टवर. आणि मात्रा नसलेला प्रत्येक सुटा स्वर, म्हणजे अ, आ, इ, ई, उ, ए, ओ, तोही शिफ्टवर. ‘त्यांनी काल संध्याकाळी मला फोन केला’ या साध्या वाक्यात तीन शिफ्ट आहेत: ध, ळ, फ. ‘आजी आणि आई अंगणात उभ्या आहेत’ या सहा शब्दांत मोजल्या तर दहा भरतात. हे दुसरं वाक्य मुद्दाम जुळवलेलं आहे. पुढे ते चाचणीसाठी उपयोगी पडलं.

कीबोर्ड घेतला तो कॉर्न. दोन सुटे भाग, प्रत्येकात सहा उभ्या रांगा आणि तीन आडव्या ओळी, शिवाय अंगठ्यासाठी तीन-तीन बटणं. एकूण 42. आकड्यांची ओळ नाही. आत क्यूएमके हे फर्मवेअर, त्यामुळे कुठल्या बटणाने काय करायचं ते आपल्या हातात. मात्र कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, तो फक्त ‘अमुक जागेचं बटण दाबलं’ एवढंच कळवतो. त्याचा ‘ड’ करायचा की चौकटी कंस, हे विंडोज ठरवतं. म्हणून आम्ही विंडोजचा इनस्क्रिप्ट जसाच्या तसा ठेवला आणि जे बदल केले ते सगळे कीबोर्डच्या आत केले. बाहेर कुणाच्या लॅपटॉपवर बसल्यावर वहिनींची अक्षरं त्यांच्या ओळखीच्या जागीच सापडायला हवी होती.

कीबोर्ड आला तसा जोडला. मूळ मांडणीत डाव्या अंगठ्याच्या आतल्या बटणावर स्पेस आणि उजव्याच्या आतल्या बटणावर एंटर असतं. पहिल्याच दिवशी वहिनींचे अर्धवट निरोप जाऊ लागले. त्यांच्या जुन्या कीबोर्डचा स्पेसबार तिरका धरून उजेडात बघितला, तर घासून चकाकी आली होती ती फक्त उजव्या बाजूला. त्या स्पेस उजव्या अंगठ्याने देत होत्या आणि नव्या कीबोर्डवर तिथे एंटर बसलेलं होतं. स्प्लिट घेणाऱ्याने आधी आपला जुना स्पेसबार बघावा. कुठला अंगठा काम करतो हे आठवून सांगता येत नाही, बरेच जण चुकीचं सांगतात.

स्पेस उजवीकडे नेली. ती तिथेच राहावी याला मराठीतलं आणखी एक कारण मिळालं. आपले बरेचसे शब्द मात्रेवर किंवा अनुस्वारावर संपतात: आहे, केली, त्याने, माणसं. ही शेवटची खूण डाव्या हाताची. मग स्पेस उजव्या अंगठ्याकडे असली की हात आलटून-पालटून चालतात. सगळे शब्द असे नसतात हे खरं, पण रोजच्या मजकुरात फरक जाणवतो.

एंटरचा गोंधळ मिटला तरी त्रास जिथल्या तिथेच होता, कारण शिफ्ट अजून करंगळीखालीच होती. शिवाय नवीन अडचण उभी राहिली. ‘ड’ गायब झाला होता. नेहमीच्या कीबोर्डवर ‘ज’च्या उजवीकडे जे `[` चं बटण असतं त्यावर ‘ड’ आणि ‘ढ’ आहेत. कॉर्नवर त्या जागी बॅकस्पेस होतं आणि `[` गेलं होतं लेअरवर. इंग्रजी लिहिणाऱ्याला चौकटी कंस क्वचित लागतो. मराठीत ‘ड’ सोडून वाक्य चालवून बघा: कडे, थोडं, पडलं, आवड, सोडून. तीच गत `\` वरच्या ‘ॉ’ची (डॉक्टर, कॉलेज) आणि `=` वरच्या ‘ृ’ची (कृती, वृत्त).

शिफ्ट कुठे न्यायची आणि ‘ड’ कुठून आणायचा, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून आम्ही सुरुवात केली होती. दोन्हींचं उत्तर अंगठ्याखालीच निघालं, पण त्याआधी एक चुकीचं वळण घेऊन झालं.

ते वळण असं. स्पेसच्याच बटणाला दुहेरी काम द्यायचं: टिचकी मारली तर स्पेस, दाबून धरलं तर शिफ्ट. जपानी लोकांमध्ये ही पद्धत जुनी आणि आवडती आहे. एका बटणात दोन कामं उरकतात, शिकायला नवीन काही नाही. कागदावर सुंदर दिसतं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं, “भाऊजी, शब्दाच्या सुरुवातीला हा ठिपक्यांचा गोल कसला येतोय?”

तो गोल म्हणजे ‘◌ा’. व्यंजनाचा आधार नसलेली मात्रा आली की संगणक तिच्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ काढून दाखवतो. ‘आ’ आणि ‘ा’ एकाच बटणावर, फरक फक्त शिफ्टचा. म्हणजे शिफ्ट लागली नव्हती. आणि गोलाच्या आधी एकाऐवजी तीन-चार स्पेस पडलेल्या होत्या. या दोन खुणांवरून काय झालं ते उलगडलं.

सुटे स्वर मराठीत बहुतेक वेळा शब्दाच्या सुरुवातीला येतात. शब्दाच्या सुरुवातीआधी असते स्पेस. म्हणजे ‘आहे’, ‘आणि’, ‘एक’, ‘असं’, ‘उद्या’ यांतला कुठलाही शब्द आला, की त्याच अंगठ्याने आधी टिचकी मारायची आणि लगेच तेच बटण दाबून धरायचं. क्यूएमकेमध्ये टिचकीनंतर लगेच तेच बटण परत दाबून धरलं, तर तो त्याचा अर्थ ‘हे अक्षर सारखं उमटत राहू दे’ असा घेतो, नाहीतर बॅकस्पेससारखी बटणं दाबून ठेवून चालवता आली नसती. म्हणून स्पेसची रांग लागत होती आणि शिफ्ट लागतच नव्हती. यावर सोपा उपाय आहे, `config.h` मध्ये ही वेळ शून्य करायची:

```c
#define TAPPING_TERM 200
#define QUICK_TAP_TERM 0
```

पहिला आकडा मिलिसेकंदांत आहे. तेवढ्या वेळेच्या आत बटण सोडलं तर टिचकी, नाहीतर दाब. दुसऱ्या ओळीने स्पेसची रांग थांबली. ठिपक्यांचे गोल मात्र पूर्ण थांबले नाहीत. वहिनींचा हात चालता आहे. शिफ्ट धरून ‘आ’ मारून सोडेपर्यंत त्यांचे 200 मिलिसेकंद होतच नव्हते, त्यामुळे फर्मवेअर त्याला टिचकीच समजत होता.

मग दुसरी सोय वापरून बघितली, `HOLD_ON_OTHER_KEY_PRESS`. हिच्यामुळे वेळेची वाट न बघता, दुसरं कुठलंही बटण दाबलं गेलं की लगेच ‘दाबून धरलं आहे’ असं मानलं जातं. गोल बंद झाले. त्यांच्या जागी ‘तेखाम’ आलं.

‘ते काम’ लिहिताना जलद हात स्पेस पूर्ण सोडायच्या आधीच ‘क’वर पोचतो. जुन्या कीबोर्डवर ते कधी कळत नाही, कारण स्पेस दाबताक्षणी उमटते. इथे मात्र ती मधली झेप ‘शिफ्ट धरून क’ ठरत होती: स्पेस नाहीशी आणि ‘क’चा ‘ख’. पहिल्या सोयीत शिफ्ट हरवत होती, दुसरीत स्पेस. `TAPPING_TERM` वर-खाली करून बघितलं, तेव्हा चुका या टोपलीतून त्या टोपलीत गेल्या, एवढंच. स्पेस आणि शिफ्ट लागोपाठ येतात अशी भाषा लिहायची, तर ती दोन्ही एका अंगठ्यावर ठेवू नयेत, या मताला मी तिथे आलो आणि अजून त्यावर ठाम आहे. दुहेरी बटणाचा फायदा बटणं वाचवण्याचा आहे. जे बटण दर शब्दाला लागतं तिथे वाचवायचं कशाला?

शिफ्ट डाव्या अंगठ्यावर गेली. आता प्रश्न उरला तीनपैकी कुठल्या बटणावर. यासाठी आम्ही मांडणीची चित्रं बघितली नाहीत. वहिनींना डोळे मिटून बोटं होम रोवर, म्हणजे मधल्या ओळीवर, ठेवायला सांगितली आणि अंगठा सहज सोडायला. दोन्हीकडे तो मधल्या बटणावर पडला. सगळ्यांचा तसा पडेल असं नाही, मोठ्या पंजाच्या माणसाचा आतल्या बटणावर पडतो. कॉर्नची तीन बटणं अंगठ्याला सारखी नाहीत. सर्वांत आतलं, म्हणजे दुसऱ्या भागाकडे तोंड केलेलं, अंगठा थोडा पसरून मिळतं. सर्वांत बाहेरचं दाबायला अंगठा तळव्याखाली दुमडावा लागतो, आणि दुमडून दाबणं, त्यातही दुमडून धरून ठेवणं, अंगठ्याच्या मुळाला लवकर जाणवतं. म्हणून मधली दोन बटणं सतत लागणाऱ्या शिफ्ट आणि स्पेसला दिली, आतली दोन लेअर आणि बॅकस्पेसला, आणि दुमडावी लागणारी दोन क्वचित लागणाऱ्या कामांना. डाव्या कडेला भाषा बदलण्याची विंडोज-स्पेस ही जोडी एका बटणात बसवली, उजव्या कडेला एंटर. एंटर मुद्दाम अवघड जागी ठेवलं. ते चुकून लागण्यापेक्षा थोडं लांब असलेलं वहिनींना चालत होतं.

```c
G(KC_SPC), OSM(MOD_LSFT), MO(1),    KC_BSPC, KC_SPC, KC_ENT
```

बॅकस्पेस अंगठ्याखाली आलं आणि ‘ज’शेजारची जागा मोकळी झाली. तिथे `[` बसवलं. म्हणजे ‘ड’ अगदी त्याच्या जुन्या जागी परतला, करंगळीला काहीच नवीन शिकावं लागलं नाही. खालचे दोन्ही कोपरेही मोकळे करून घेतले. उजव्या खालच्या कोपऱ्यात `\` दिलं, म्हणजे ‘ॉ’, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात `=`, म्हणजे ‘ृ’. नुक्ता आणि ‘ञ’चं `]` लेअरवर राहिलं, मराठीत त्याची आठवण कुणाला येत नाही. आकड्यांच्या ओळीतल्या क्ष, त्र, श्र यांच्या तयार बटणांचीही गरज पडली नाही, कारण वहिनी आधीपासूनच ‘त’, हलन्त, ‘र’ असं जोडून लिहितात. ‘कॅमेरा’तला ‘ॅ’ आणि ‘दुःख’मधला विसर्ग मात्र आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसकट आहेत, त्यामुळे एकट्या डाव्या अंगठ्याला लेअर आणि शिफ्ट दोन्ही सांभाळावं लागलं असतं. त्यांना लेअरवर `S(KC_2)` आणि `S(KC_MINS)` अशी एकेक सरळ बटणं दिली.

वरच्या ओळीत शिफ्टसाठी `OSM` आहे. ही एकदाच लागणारी शिफ्ट: टिचकी मारून सोडली की फक्त पुढच्या एका अक्षराला लागते, आणि दाबून धरली तर नेहमीसारखी वागते. वहिनी सुरुवातीला ती धरूनच ठेवायच्या. ‘आणि’मध्ये आ आणि ण लागोपाठ शिफ्टवर आहेत, त्यामुळे धरणं सोयीचं वाटतं. पण अंगठा करंगळीपेक्षा सावकाश उठतो. तो उठायच्या आत ‘ि’ दाबली जाते आणि ‘आणइ’ उमटतं. हा दोष ठिपक्यांच्या गोलाच्या नेमका उलटा आहे. गोल आला तर शिफ्ट उशिरा लागली किंवा लागलीच नाही. शब्दाच्या मध्येच सुटा स्वर आला तर शिफ्ट उशिरा सुटली. ‘आजी आणि आई’ हे वाक्य यासाठीच होतं: चार-पाच वेळा लिहून घ्यायचं आणि कुठली चूक जास्त येते ते बघायचं. वहिनींची दुसरी जास्त येत होती, म्हणून धरणं बंद करून दर अक्षराला वेगळी टिचकी अशी सवय लावली. ‘आणि’ला दोन टिचक्या. ऐकायला जास्त काम वाटतं, पण धरून ठेवण्याचा ताण गेला आणि वेळेचं गणितही राहिलं नाही.

एकदाच लागणाऱ्या शिफ्टचा एक तोटा आहे. टिचकी मारली आणि मग विचार बदलला, तर ती तशीच बसून राहते आणि पुढच्या अक्षराला लागते: ‘तर’ लिहायला गेलं की ‘थर’. यासाठी मुदत घातली:

```c
#define ONESHOT_TIMEOUT 1500
```

दीड सेकंदात अक्षर आलं नाही तर शिफ्ट विरून जाते. शब्दासाठी थांबून विचार करणाऱ्या अनुवादकाला हे हवंच.

यानंतर जो त्रास उरला तो अंगठ्याचा नव्हता. कीबोर्ड दुभागल्यावर ‘व’ डाव्या भागात जातो. वहिनी तो उजव्या तर्जनीने मारायच्या, नेहमीच्या कीबोर्डवर तो मधोमध असल्यामुळे खपून जातं. आता ती तर्जनी दोन भागांमधल्या टेबलावर आपटायची. ‘म’चंही असंच: उभ्या रांगा सरळ असल्यामुळे तो मधल्या बोटाकडे जातो, तर्जनीकडे नाही. याला मांडणीतलं उत्तर नाही. ‘वेळ’, ‘हवं’, ‘मावशी’, ‘नवीन’ असे शब्द हळू लिहीत राहायचे. वेग आधी निम्म्यावर आला, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मोठं काम हातात नसताना बदल सुरू केला होता.

महिनाभराने करंगळी शांत झाली, पण उजव्या अंगठ्याचं मूळ दुखू लागलं. स्पेस आणि बॅकस्पेस दोन्ही त्याच अंगठ्यावर, आणि मराठीत बॅकस्पेस महाग असतो. विंडोजवर तो दर खेपेला एकच घटक पुसतो. ‘क्षि’ घालवायला क, हलन्त, ष, इकार असे चार ठोके. वहिनी एका अक्षरासाठीही शब्दाच्या शेवटापासून ठोकत मागे जायच्या. कंट्रोल-बॅकस्पेसने अख्खा शब्द पुसून नव्याने लिहायची सवय लागली तसे ठोके कमी झाले. दोन भाग खांद्यांइतके लांब ठेवले आणि आतल्या कडा उचलून दिलेला उतार थोडा कमी केला, कारण चढण जास्त असली की अंगठ्याला खाली पोचण्यासाठी हात उचलून धरावा लागतो. शेवटी अंगठ्याखालच्या बटणांच्या टोप्या काढून उलट्या फिरवून बसवल्या. टोपीची उंच कड अंगठ्याच्या बाजूला टोचत होती. उलटी बसवल्यावर उतार अंगठ्याकडे आला. एवढ्यावर दुखणं थांबलं. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा असता, तर मी कीबोर्डला हात न लावता त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं असतं. बटणांची अदलाबदल शिरेवरच्या दाबाचं औषध नाही.

बाहेर लॅपटॉपवर बसल्या की अजून पहिली काही मिनिटं त्यांचा डावा अंगठा शिफ्ट म्हणून स्पेसबार दाबतो आणि ‘ आहे’च्या जागी दोन स्पेस देऊन ‘◌ाहे’ येतं. त्यावर त्यांनी स्वतःच तोडगा काढला आहे: काम सुरू करण्याआधी ‘आजी आणि आई’ एकदा लिहायचं आणि पुसून टाकायचं. भाषा बदलायचं बटण मात्र त्यांना कडेला नको आहे. इंग्रजी मेल आणि मराठी मजकूर यांत दिवसभर ये-जा चालते, आणि दर वेळी अंगठा दुमडतो. पुढच्या खेपेला ते आणि लेअर यांची अदलाबदल करून बघायचं ठरलं आहे. लेअर दाबून धरावा लागतो आणि ते दुमडलेल्या अंगठ्याला मानवणार नाही, असं माझं म्हणणं. त्यांचं म्हणणं, आकडे तरी किती लागतात?